बांधावरची अंबाडी आणि शेतांतला कापूस

मुंबई-पुण्याच्या कापडदुकानांत हल्लीं तीन नवीं नांवें ऐकूं येतात: हेम्प, बांबू आणि नेटल. हें कापड सुती कापडाहून मऊ, लिननहून बळकट आणि दोहोंहून अधिक निसर्गाला धरून आहे, असें दुकानदार सांगतात. आणि त्यांचें ऐकून आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतही, कापसानें ज्याचे हात पोळले आहेत अशा शेतकऱ्याला कोणी ना कोणी सल्ला देतो कीं, बाबा, कापूस सोड आणि हें लाव. सल्ला देणाऱ्याचा हेतु चांगला असेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला ह्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते ती ही कीं, ह्या वनस्पतींपैकीं एक सोडली तर बाकीच्या, अगर त्यांच्या जवळच्या नातलग, आमच्या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. लिनन ज्यापासून होतें तें झाडसुद्धां आमच्या रब्बीच्या शेतांत आहे. मग आमच्या पूर्वजांनीं अंगावर कापूसच कां घातला, आणि बाकीच्या तंतूंनीं बैल कां बांधले? हें त्यांचें अज्ञान होतें कीं शहाणपण, एवढाच प्रश्न मला येथें पाहावयाचा आहे.

जुन्या वऱ्हाडी शेताची मांडणी डोळ्यांपुढें आणावी. मधें काळ्या जमिनींत पऱ्हाटी, तिच्यांत मधून मधून तुरीचे तास, शेजारीं ज्वारी. आणि धुऱ्याच्या कडेनें किंवा पिकाच्या दोन-चार ओळींत अंबाडी. पुरुषभर उंचीचें, सरळ वाढणारें, पिवळ्या फुलाचें हें झाड कोणी शेताच्या मध्यभागीं लावीत नसे. ताग कोठें कोठें स्वतंत्र वाफ्यांत पेरीत, पण तोही घरच्या दोरापुरता. जवस हिवाळ्यांत, जमिनीच्या उरल्यासुरल्या ओलीवर, तेलाकरितां. आणि बांबू डोंगरांत. त्याची कांब सोलणारा बुरूड गांवांत येऊन सुपें, टोपल्या, तट्टे करून देई. कोणतें झाड कोठें उभें करावयाचें ह्याचा हा निवाडा कोणत्या एका माणसानें केलेला नव्हता. तो शेंकडों वर्षांच्या अनुभवाचा होता, आणि त्याला कारणें होतीं.

कारणांकडे वळण्यापूर्वीं एका नांवाचा घोळ उलगडला पाहिजे. इंग्रजी कागदपत्रांत ‘हेम्प’ हा शब्द इतक्या सैल हातानें वापरला आहे कीं, वाचणारा हमखास फसतो. खरा हेम्प म्हणजे भांगेचें झाड. पण आमच्या तागाला इंग्रज व्यापारी ‘सन हेम्प’ म्हणत, अंबाडीला ‘डेक्कन हेम्प’ किंवा ‘बॉम्बे हेम्प’ म्हणत, आणि गांजाविषयीं लिहितांना ‘इंडियन हेम्प’ म्हणत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ह्या तिघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. ताग हा हरभऱ्या-वाटाण्याच्या कुळांतला, अंबाडी ही भेंडीची आणि खुद्द कापसाची भावकी, आणि भांग ह्या दोहोंपासून दूर. मध्य प्रांतांत खांडव्याच्या बाजूला भांगेचें झाड लावीत तें गांजाकरितां. १८९३-९४ सालीं गांजा-भांगेची चौकशी करण्यासाठीं जें मोठें कमिशन बसलें, त्याच्यापुढें आलेला प्रश्न धुंदीचा होता, दोराचा नव्हे. गांजाचें झाड विरळ लावून त्याला फांद्या फुटूं देतात, तर तंतूंसाठीं तेंच झाड दाट पेरून काठीसारखें सरळ वाढवावें लागतें. तसें तें हिमालयांत, गढवाल-कुमाऊंकडे वाढवीत, आणि त्याचें ‘भांगेला’ नांवाचें जाडेंभरडें कापड डोंगरी लोक वापरीत. त्याच भागांत, म्हणजे उत्तराखंडांत, २०१८ सालीं तंतूंसाठीं भांगेच्या लागवडीला सरकारी परवाना देण्यास सुरुवात झाली. यवतमाळचा ‘हेम्प’ मात्र म्हणजे अंबाडी आणि ताग. पुढें मी त्यांच्याचविषयीं बोलणार आहें.

आतां कापूस पाहूं. कापसाचा तंतू म्हणजे सरकीवर उगवलेला केंस. एक केंस म्हणजे एकच पेशी, इंचभर लांब, आंतून पोकळ. बोंड मिटलेलें असेपर्यंत ती पेशी नळीसारखी गोल व ओली असते. बोंड उकलून ऊन लागलें कीं नळी वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ हीच कापसाची सगळी दौलत. पिळदार केंस एकमेकांत अडकतात, म्हणून इंचभर लांबीच्या केसांचा मैलभर धागा निघूं शकतो. माणसाला करावयाचें तें एवढेंच कीं, बोंड वेचावें, रेच्यावर सरकी वेगळी करावी, पिंजून पेळू वळावे आणि चरख्यावर सूत काढावें. ह्यांत कोठेंही पाणी नाहीं, विस्तव नाहीं, कुजविणें नाहीं. तंतू झाडावरच तयार होतो; कारखाना म्हणाल तर तो सूर्याचा. शिवाय त्या केसांत लाकडाचा अंश जवळ जवळ नसतो, त्यामुळें तो मुळांतच मऊ व पांढरा.

अंबाडीची गोष्ट अगदीं उलट आहे. तिचा तंतू फळांत नसून खोडाच्या सालींत आहे. झाडाला उभें ठेवणारी ती दोरी आहे असें म्हटलें तरी चालेल. आणि झाडानें ती सालीच्या इतर पेशींशीं एका डिंकासारख्या चिकट द्रव्यानें घट्ट डकविलेली असते. तो डिंक गेल्याशिवाय तंतू हातीं येत नाहीं. तो घालविण्याची आमच्याकडची रीत मी थोडी विस्तारानें सांगतों, कारण सारें मर्म तिच्यांतच आहे.

अंबाडी फुलावर आली कीं कापावी. बीं धरण्याची वाट पाहिली तर तंतू राठ व लांकडासारखा होतो. फार आधीं कापली तर तो बारीक पण नाजूक राहतो. कापलेलीं झाडें दोन-तीन दिवस शेतांतच पडूं देतात, म्हणजे पानें गळतात. मग मनगटाएवढ्या-मांडीएवढ्या पेंढ्या बांधून पाण्यावर नेतात. येथें जाणता माणूस एक काळजी घेतो. बुंध्याकडची साल जाड असते आणि शेंड्याकडची पातळ. सबंध पेंढी एकदम आडवी बुडविली तर बुंधा कुजेपर्यंत शेंडा सडून जातो. म्हणून प्रथम पेंढ्या उभ्या करून दोन दिवस फक्त बुंधे पाण्यांत ठेवावयाचे, आणि मग आडव्या घालून वर दगड ठेवावयाचे. दगडच ठेवावे, चिखलाचीं ढेंकळें ठेवूं नयेत. चिखलानें वाख काळा पडतो. पाणी ऊबदार असलें तर आठ-दहा दिवसांत, थंडी पडूं लागली असली तर पंधरा दिवसांत किंवा त्याहूनही उशिरां डिंक सुटतो. काम करणारे असतात ते पाण्यांतले सूक्ष्म जंतु. ते आधीं डिंक खातात आणि डिंक संपला कीं तंतूवर येतात. म्हणून शेवटचे तीन-चार दिवस रोज एक काठी काढून पाहावी लागते. बुंध्याशीं साल चिमटींत धरून ओढली आणि ती काठीवरून सळकन्‌ निघून आली, तर झालें. साल तुटून तुकडे काठीला चिकटून राहिले, तर अजून अवकाश आहे. आणि वाख निघाला पण बोटांत पिळतांच तुटला, तर एक-दोन दिवस उशीर झाला. मग त्याला दोरासाठीं कोणी हात लावणार नाहीं. वेळ साधली कीं गुडघाभर पाण्यांत उभें राहून एकेक मूठ सोलावयाची, वाख पाण्यावर आपटून धुवावयाचा, आणि दोरीवर वाळत टाकावयाचा. उरलेली पांढरी, हलकी सणकाडी चुलींत जाई.

हिशेब पाहा. हिरव्या अंबाडीचे शंभर शेर भिजत घातले तर कोरडा वाख निघतो पांच-सहा शेर. म्हणजे एक क्विंटल वाखासाठीं वीस क्विंटल ओला माल शेतांतून पाण्यापर्यंत वाहावयाचा, बुडवावयाचा, आणि भिजून अधिकच जड झालेला बाहेर काढून सोलावयाचा. एक क्विंटल रुईसाठीं मात्र तीन क्विंटल कापूस वेचला कीं झालें, आणि तोही कोरडा. आतां ह्यांत यवतमाळचें ऋतुमान मिळवावें. अंबाडी कापणीला येते पावसाळा सरतांना, आणि आमचे ओढे-नाले आटूं लागतात तेही त्याच सुमारास. बंगालच्या ताग-ज्यूटवाल्याला पुराचें पाणी दारांत उभें असतें. आमच्या माणसाला अरुणावती किंवा बेंबळेचा एखादा डोह शोधावा लागे, आणि तो जनावरांच्या पिण्याचा नसेल असाही पाहावा लागे, कारण कुजवणीच्या पाण्याची घाण दुरून येते आणि त्यांत मासे मरतात. बरें, पाणी मिळालें तर माणसें कोठें आहेत? तीं कापूस वेचायला जाण्याच्या तयारींत. अंबाडी धुऱ्यावरच राहिली ह्याचें मूळ मला ह्या दोन अडचणींत दिसतें. घरच्या कासऱ्यापुरती चार पेंढ्या अंबाडी डबक्यांत बुडविणें जमतें, शेतभर अंबाडी बुडविणें जमत नाहीं.

हें झालें कष्टाचें. पण समजा, कोणी एवढे कष्ट केले, तर अंबाडीचें धोतर झालें असतें काय? नसतें, आणि त्याचें कारण तंतूच्या घडणींत आहे. सालीच्या तंतूंत जो लांब दोरा हाताला लागतो तो एक तंतू नसून लहान लहान तंतूंचा जुडगा असतो. जुडगा सोडवून मूळ एकेरी तंतू काढला तर लिननच्या झाडांत तो कापसाच्या केसाएवढा, सुमारें इंचभर निघतो. खऱ्या भांगेंत थोडा आंखूड. तागांत इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आणि अंबाडींत इंचाचा आठवा किंवा फार तर पाव भाग. म्हणून लिननचा जुडगा बराचसा सोडवून बारीक सूत काढतां येतें. अंबाडीचा जुडगा सोडवूं गेलें तर हातीं धूळच राहते. ती जुडग्यासकटच वळावी लागते, आणि सूत जाड, खरखरीत होतें. त्यांतून अंबाडींत लांकडाचा अंश पुष्कळ, तागांत कमी. लांकडाचा अंश म्हणजे ताठपणा, आणि उन्हानें व वयानें पिंवळें पडणें. ताग त्या मानानें उजवा; त्याचा वाख पांढुरका, तुकतुकीत व ओल्यांत टिकाऊ, म्हणून कोळ्यांच्या जाळ्यांना तो पूर्वीं चाले.

बळाची गोष्ट मात्र उलटी आहे. सारख्या वजनाचा धागा घेतला तर लिननचा तंतू कापसाच्या दुप्पट नसला तरी त्याच्या आसपास ताण सोसतो, आणि भांग त्याच पंक्तींत बसते. हे तंतू सरळ आहेत, कापसासारखे पिळदार नाहींत. त्यामुळें ताण सगळा सरळ रेषेंत घेतात. पण त्यांत लवचिकपणा फार थोडा. कापूस ताणला तर शंभराला सहा-सात भाग लांबतो, लिनन दोन-तीन भागांतच तुटतो. म्हणून लिननच्या सदऱ्याला बसल्याबरोबर चुण्या पडतात आणि घडीच्या ठिकाणीं तो वर्षांनुवर्षें विरत जातो. स्पर्शाचेंही कारण हेंच. कापसाच्या सुतावर केसांचीं टोकें उभीं राहतात, त्यांत हवा अडकते. कापड ऊबदार व कोंवळें लागतें. लिननचें सूत गुळगुळीत, त्यावर टोकें कमी. तें अंगाची उष्णता चटकन्‌ घेऊन जातें, म्हणून थंड लागतें. बैलाच्या मानेला ऊब नको असते, बळ हवें असतें. मोटेचा नाडा, सोंदूर, कासरा, वेसण, मोरकी ह्या साऱ्या वस्तूंना न ताणणारा, ओल्यानें न ढिलावणारा तंतूच पाहिजे. आमच्या शेतकऱ्यानें कापूस अंगाला आणि अंबाडी बैलाला दिली तेव्हां त्यानें दोन्ही तंतूंचे गुण अचूक ओळखले होते.

ह्याच सुमाराच्या मोठ्या राजकारणानें तो निवाडा बदलण्याची एक संधि आली होती. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें. पुढच्याच वर्षीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें आणि रशियाचा हेम्प, ज्यावर इंग्लंडचीं गलबतें दोरखंडांसाठीं अवलंबून होतीं, तो दुर्मिळ झाला. १८५५ सालीं डॉ. फोर्ब्स रॉयल यांनीं हिंदुस्थानांतील तंतुवनस्पतींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ताग, अंबाडी, रेमी ह्या सर्वांची जंत्री आहे. त्याच्याही आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, कलकत्त्याच्या कंपनीबागेचे रॉक्सबर्ग यांनीं देशी तंतूंचे दोर वळवून, कोरडे व भिजवून, वजनें टांगून त्यांची परीक्षा केली होती. जबलपूरच्या तागाचें त्या काळीं चांगलें नांव झालें. पण युद्ध १८५६ त संपलें आणि रशियाचा माल पुन्हां येऊं लागला. पांच वर्षांनीं दुसरें युद्ध पेटलें, तें अमेरिकेंत. त्यानें कापसाची टंचाई पाडली, आणि १८६१ ते १८६५ ह्या चार वर्षांत वऱ्हाडचा शेतकरी मँचेस्टरच्या बाजाराला कायमचा जोडला गेला. १८६७ पर्यंत आगगाडी नागपुरास पोंचली. पुढें यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद गाडी झाली ती मुख्यतः कापसाच्या गांठींसाठींच. तागाच्या युद्धानें एक पुस्तक दिलें, कापसाच्या युद्धानें रेल्वे दिली, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

लिननचा प्रयत्न ह्याहूनही बोधक आहे. आमचा जवस आणि आयर्लंडांतलें लिननचें झाड ही एकच जात. इंग्रज अधिकाऱ्यांना तेव्हां साहजिकच वाटलें कीं, हिंदुस्थानांत एवढा जवस पेरला जातो आणि त्याच्या काड्या फुकट जातात, तर त्यांतून लिनन कां काढूं नये? प्रयोग झाले आणि फसले. आमचा जवस गुडघ्याच्या थोडा वर वाढतो आणि लगेच फांद्या फोडतो. प्रत्येक फांदीशीं तंतू तुटतो. विरळ पेरल्यामुळें बोंडें भरपूर लागतात, तेल भरपूर निघतें, पण काडींत लांब वाख नसतो. लिननसाठीं तोच जवस इतका दाट पेरावा लागतो कीं झाडाला आडवी वाढ करायला जागाच राहूं नये. मग तो कमरेच्या वर, सडसडीत वाढतो, आणि बीं पुरें पिकण्याआधींच मुळासकट उपटावा लागतो. शिवाय हवा थंड व दमट हवी. आमचा जवस कोरड्या थंडींत साठलेल्या ओलीवर जगतो. एकाच झाडाकडून तेल आणि कापड दोन्ही मागूं नये, हें आमच्या शेतकऱ्याला ठाऊक होतें. त्यानें तेल मागितलें.

नेटल म्हणजे खाजरें झाड. आमच्या जिल्ह्याच्या कोरड्या हवेंत तें रमत नाहीं. त्याचें खरें घर हिमालयाच्या ओल्या उतारांवर. नेपाळांत त्याला ‘अल्लो’ म्हणतात. पावसाळ्यानंतर हाताला चिंध्या गुंडाळून तें कापतात, साल सोलतात, लांकडाच्या राखेच्या पाण्यांत कित्येक तास उकळतात, ओढ्यांत नेऊन बडवितात, आणि मग पांढरी माती चोळून तंतू मोकळे करतात. पाण्यांत कुजवून ह्याचा डिंक सुटत नाहीं, क्षारच लागतो. तंतू मात्र नामी. अंबाडीचा इंचाचा आठवा भाग, कापसाचा एक इंच, तर साध्या नेटलचा सुमारें दोन इंच, आणि त्याच कुळांतल्या पण न खाजणाऱ्या रेमीचा पांच-सहा इंच! डेन्मार्कमध्यें एका थडग्यांत अठ्ठावीसशें वर्षांपूर्वींचें तलम कापड सांपडलें आहे. तें नेटलचें आहे असें २०१२ सालच्या तपासणींत दिसून आलें. पहिल्या महायुद्धांत कापूस बंद झाल्यावर जर्मनीनें रानोमाळ नेटल गोळा करून कापड विणलें, आणि युद्ध संपतांच तें सोडून दिलें.

हा तंतू एवढा सरस असून मागें कां राहिला, ह्याचें उत्तर हिंदुस्थान सरकारनें पैसे मोजून शोधलें आहे. रेमीची साल सोलून डिंक काढणारें स्वस्त यंत्र जो करील त्याला ५,००० पौंडांचें बक्षीस सरकारनें जाहीर केलें, आणि १८७२ सालीं सहारनपूरला त्याची परीक्षा घेतली. स्पर्धेंत उतरलेलें यंत्र एकच निघालें; तें पुरतें उतरलें नाहीं, तरी त्याच्या कर्त्याला १,५०० पौंड दिले. १८७९ त पुन्हां परीक्षा झाली, पुन्हां तेंच. शेवटीं सरकारनें नाद सोडला. रेमीच्या सालींत डिंक वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या घरांत असतो, आणि तो ताजेपणीं निघाला नाहीं तर वाळून आणखी घट्ट बसतो. तंतूची किंमत झाडावर ठरत नाहीं, तो झाडापासून वेगळा करायला काय पडतें त्यावर ठरते, हें सहारनपुरास दोनदां दिसून आलें.

राहिला बांबू. ह्याच्याबद्दल सर्वांत अधिक बोललें जातें आणि सर्वांत अधिक गैरसमज आहे. बांबूचा मूळ तंतू एका इंचाचा दहावा भाग, आणि झाडांत लांकडाचा अंश पांचवा-चौथा हिस्सा. असा तंतू कातण्यास निरुपयोगी, कागदास उत्तम. वर्धा नदीपलीकडे बल्लारपुरास १९४५ सालीं कागदगिरणी स्थापन झाली ती ह्याच गुणामुळें. बांबू कुटून, कुजवून, जाड वाख काढतां येतो, पण त्याचें कापड गोणपाटाच्या जातीचें. मग दुकानांतलें तें रेशमासारखें मऊ बांबू-कापड कोठून येतें? तें येतें रसायनांच्या हौदांतून. बांबूच्या चिपा दाहक सोड्यांत शिजवून लगदा करतात. तो पुन्हां सोड्यांत मुरवून त्यावर कार्बन डायसल्फाइड नांवाच्या वायुरूप होणाऱ्या विषारी द्रवाचा प्रयोग करतात, तेव्हां तो नारिंगी भुग्यासारखा होतो. भुगा विरघळवून मधासारखा पाक करतात, आणि तो पाक बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या पाण्यांत सोडतात, कीं त्याचे तंतू थिजतात. ही युक्ति क्रॉस, बेव्हन व बीडल ह्या तिघां इंग्रजांनीं १८९२ सालीं काढली; तिच्या तंतूला जग व्हिस्कोज किंवा रेयॉन म्हणतें. लगदा बांबूचा असो, निलगिरीचा असो कीं सरकीवरच्या लवेचा, निघणारा तंतू तोच. बांबू त्यांत शोधूं गेलें तर सांपडत नाहीं. त्या द्रवाच्या वाफेनें रेयॉनच्या जुन्या कारखान्यांतील मजुरांच्या मज्जातंतूंना व मनाला अपाय होत असे, हेंही वैद्यांनीं फार पूर्वींच नोंदलें आहे.

आणि हें नवीनही नाहीं. केरळांत मावूर येथें चालियार नदीच्या कांठीं ग्वाल्हेर रेयॉन्सचा कारखाना १९६३ सालीं सुरू झाला, तो तिकडच्या जंगलांतल्या बांबूवर. बांबू सरकारनें टनाला एक रुपया अशा नांवाच्या दरानें दिला, जंगल आटलें, नदी बिघडली, लोकांनीं चळवळी केल्या, आणि २००१ सालीं कारखाना कायमचा मिटला. त्या कापडाला त्या वेळीं कोणी बांबूचें म्हटलें नाहीं, रेयॉनच म्हणत. अमेरिकेच्या व्यापार-आयोगानें २००९ सालीं कांहीं विक्रेत्यांवर ह्याच कारणासाठीं कारवाई केली, कीं तुम्ही रेयॉनला बांबू म्हणून विकतां.

हें घरीं तपासून पाहतां येतें, आणि जिज्ञासूनें जरूर पाहावें. कापडाच्या कडेचा एक दोरा काढावा, कोरडा ओढून तोडावा, आणि दुसरा थुंकीनें भिजवून त्याच जागीं ओढावा. कापूस, लिनन, भांग हे सारे भिजल्यावर अधिक बळकट होतात. रेयॉनचा दोरा भिजल्या जागीं विलक्षण सहज तुटतो. लिनन आणि भांग ह्यांतला भेद पाहावयाचा तर एकेरी तंतू भिजवून, टोंक आपल्याकडे करून, वाळूं द्यावा. लिननचा तंतू वाळतांना घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें वळतो, भांगेचा उलट. नेटल येथें लिननच्या बाजूला पडतें. विद्यार्थ्यांना मी हा खेळ दाखवितों तेव्हां इतिहासाचे तास त्यांना जरा सुसह्य वाटतात.

कापसाची बाजू घेतांना मी आंधळा झालों आहें असें कोणी समजूं नये. ह्या जिल्ह्याचें १९०५ पर्यंत सरकारी नांव होतें वणी, आणि ह्या भागांतल्या बणी कापसाची सर देशी कापसांत थोड्यांना होती. लांब, रेशमी, नागपूरच्या विणकऱ्यांचा आवडता. तो उशिरां पिके आणि शंभर शेर कापसांत रुई निघे जेमतेम पाव हिस्सा. लवकर येणाऱ्या जरीनें त्याला मागें रेटलें. १८६६ नंतरच्या वर्षांत कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं ह्या मिश्रणाविरुद्ध लिहिलें. पुढें मध्य प्रांताच्या शेतकीखात्यानेंच रोझियम नांवाचा आंखूड, जाड, पण शेंकडा चाळीसच्या जवळपास रुई देणारा कापूस उचलून धरला, कारण व्यापारी वजनाला पैसे देत होता, मऊपणाला नाहीं. म्हणजे कापसाशीं झुंजून अंबाडी हरली म्हणावें, तर कापसाच्या घरांतही तलम तें हरलें आणि भरड तें जिंकलें. ज्या गुणाला बाजारांत दर नाहीं तो गुण शेतांत टिकत नाहीं.

अंबाडीचा शेवट मात्र कापसानें केला नाहीं. मोट गेली, विहिरीवर इंजिन आणि मग विजेचा पंप आला, त्याबरोबर नाडा व सोंदूर गेले. ट्रॅक्टरनें बैल कमी केले, आणि जे बैल राहिले त्यांच्या गळ्यांत नायलॉनचा रंगीत दोर आला. पोळ्याच्या आधीं घरोघर नवे दोर वळण्याची जी गडबड असे, ती आतां बाजारहाटाच्या एका फेरींत आटोपते. अंबाडी अजून धुऱ्यावर दिसते, ती पाल्यासाठीं. आंबट पाल्याची भाजी आणि ज्वारीची भाकर वऱ्हाडांत आवडीनें खातात. पाला खुडला कीं झाड फांद्या फोडतें, आणि फांद्या फुटलेल्या झाडाचा वाख जवसाच्या काडीसारखाच तुटका निघतो. तसा तो आतां कोणी काढूनही पाहत नाहीं.